पोहून आल्यावर खा-खा सुटते तेव्हा

वजन कमी करायचं म्हणून टँक लावला, चार महिने एकही बॅच चुकवली नाही आणि काटा तिथेच. उलट किलोभर पुढे. वाचकांकडून हा प्रश्न इतक्यांदा येतो की त्याचं उत्तर एकदा सविस्तर द्यायला हवं. चालायला जाणाऱ्यांची किंवा सायकल मारणाऱ्यांची ही तक्रार क्वचित असते. पोहणारे मात्र हमखास सांगतात की पाण्यातून बाहेर आल्यावर अशी वखवख सुटते की समोर येईल ते खाल्लं जातं आणि दिवसभराचा आखलेला आहार तलावाच्या फाटकाबाहेरच्या गाडीवर संपतो.

ही भूक खरी आहे. तुमची इच्छाशक्ती कमी पडते असं समजून स्वतःला दोष देऊ नका आणि ती दाबून टाकायच्या मागेही लागू नका. फक्त ती तुम्ही जाळलेल्या कॅलरींचा आकडा सांगत नसते. हे लक्षात घेऊन दिवसाचं खाणं थोडं पुढे-मागे सरकवलं, तर पोटही भरतं आणि ठरवलेली तूटही टिकते. ते कसं करायचं, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

ही भूक येते कुठून?

तीन कारणं लक्षात ठेवली तरी पुरे.

पहिलं म्हणजे गार पाणी. धावताना शरीर तापतं आणि तापलेल्या शरीराला काही वेळ अन्नाची वासना नसते. भर उन्हात चालून आल्यावर आधी पाणी हवंसं वाटतं, जेवण नाही. पोहताना ही उष्णता पाणी काढून घेतं, त्यामुळे भुकेवरचा हा ब्रेक लागतच नाही. फ्लोरिडा विद्यापीठात 2005 मध्ये याचा एक छोटा प्रयोग झाला. अकरा पुरुषांना पाण्यात बुडवलेल्या सायकलवर 45 मिनिटं पेडल मारायला लावलं, एकदा 20 अंशांच्या पाण्यात आणि एकदा 33 अंशांच्या. दोन्ही वेळा खर्च जवळपास सारखाच झाला, सुमारे 500 कॅलरी. नंतर मनसोक्त खायला दिलं, तेव्हा कोमट पाण्यानंतर सरासरी 608 कॅलरी खाल्ल्या गेल्या आणि गार पाण्यानंतर 877. माणसं मोजकी होती आणि ती पोहत नव्हती, पेडल मारत होती. म्हणून हा आकडा स्वतःला जसाच्या तसा लावू नका, पण दिशा नेमकी कळते. पुण्या-नाशिकच्या उघड्या तलावांत डिसेंबर-जानेवारीत पोहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. मे महिन्यात त्याच तलावात तेवढंच पोहून इतकी भूक लागत नाही.

दुसरं कारण म्हणजे रिकामं पोट. सकाळी साडेसहाच्या बॅचला येणाऱ्या बहुतेकांनी रात्री नऊनंतर काही खाल्लेलं नसतं. तलावावरून घरी जाऊन न्याहारी होईपर्यंत अकरा-बारा तास उलटतात. ही भूक पोहण्याची नसतेच, पोहण्यामुळे ती फक्त समोर येते.

तिसरं, तहान. पाण्यातही घाम येतो, पण अंग ओलंच असल्यामुळे तो कळत नाही. शिवाय पाण्याच्या दाबाने हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं, शरीराला वाटतं की आत पाणी जास्त झालं आहे आणि लघवी वाढते. तलावातून बाहेर पडल्यावर आधी स्वच्छतागृहाची आठवण होते ती यामुळेच. अशा वेळी पोटातली ओढ भुकेची की तहानेची, हे पटकन सांगता येत नाही.

पोहण्याने खर्च किती होतो?

इथे बहुतेकांचा हिशेब फसतो, म्हणून जरा थांबू.

तुमची बॅच 45 मिनिटांची आहे. त्यात पायऱ्यांवर पाय सोडून बसणं, कडेला धरून दम खाणं, शेजारच्या लेनमधल्या ओळखीच्यांशी बोलणं हे सगळं आलं. प्रत्यक्ष हातपाय चालतात ते साधारण 30 मिनिटं, आणि तेही नेटाने पोहणाऱ्यांचे. 68 किलो वजनाची व्यक्ती बेताच्या वेगाने फ्रीस्टाइल मारत असेल, तर त्या अर्ध्या तासात सुमारे 195 कॅलरी जातात. पण त्यातल्या 35 घरी सोफ्यावर बसूनही गेल्याच असत्या. म्हणजे पोहण्याची निव्वळ कमाई 160 च्या आसपास. दमछाक होईल इतक्या जोरात तेवढाच वेळ पोहलात तर ती 300 पर्यंत जाते.

मनगटावरचं घड्याळ याच बॅचला 400 दाखवू शकतं. त्यात विश्रांतीच्या कॅलरीही धरलेल्या असतात, आणि हलत्या मनगटावर पाण्यात नाडी नीट मोजली जात नाही. घड्याळाने लेंग्थ मोजाव्यात, जेवण ठरवू नये.

आता एका वडापावात साधारण 290 कॅलरी असतात. वाटाण्याची उसळ, फरसाण आणि दोन पाव घेतलेल्या मिसळीत 450 च्या वर. मिसळीशी माझं वैर नाही. पण ती पोहून ‘कमावली’ म्हणून खायची असेल, तर हिशेब जमत नाही.

तूट कुठल्या जेवणातून काढायची?

वजन कमी करणारे लोक पोहल्यानंतरच्या खाण्यावरच कात्री चालवतात, कारण तेव्हा व्यायामाचा उत्साह ताजा असतो. नुसतं लिंबूपाणी घेऊन ऑफिसला जातात. अकरा वाजता डबा उघडतात, चार वाजता समोसा येतो आणि रात्री फ्रीजसमोर उभं राहून खाणं होतं. भूक टाळलेली नसते, ती फक्त अशा वेळेवर ढकललेली असते जेव्हा हाताशी चांगलं काही नसतं.

माझा सल्ला नेमका उलटा आहे. तलावाच्या आसपासच्या दोन-अडीच तासांत पोटभर खा आणि तूट तलावापासून सर्वांत लांबच्या जेवणातून काढा. सकाळी पोहणाऱ्यांनी ती संध्याकाळच्या खाण्यातून आणि रात्रीच्या भातातून काढावी. संध्याकाळी पोहणाऱ्यांनी सकाळच्या न्याहारीतून. दिवसाची बेरीज तीच राहते, पण भूक जिथे सर्वांत जास्त आहे तिथे तिच्याशी झगडावं लागत नाही.

पाण्यात उतरण्याआधी

बॅचच्या 30 ते 45 मिनिटं आधी शंभरेक कॅलरींचं, पटकन पचणारं काही खा. एवढ्याने पोट जड होत नाही आणि बाहेर आल्यावरची वखवख बरीच उतरते.

- एक मध्यम केळं
- किंवा तीन-चार खजूर
- किंवा एका पोळीचा गूळ लावलेला छोटा रोल (तूप अगदी नावाला)

तेलकट किंवा भरपूर तंतूंचं काही यावेळी नको. शेंगदाण्याचा लाडू पौष्टिक खराच, पण तो पचायला वेळ लागतो आणि फ्लिप टर्न मारताना घशाशी येतो. पहाटे काहीच जात नसेल, तर आदल्या रात्रीचं जेवण फार हलकं ठेवू नका आणि किमान अर्धं केळं खाऊन बघा. चार-सहा दिवसांत सवय होते. सोबत पेलाभर पाणी प्या. तासाभराच्या आतल्या बॅचला पाण्यात असताना स्पोर्ट्स ड्रिंकची गरज नसते. त्या रंगीत बाटलीतली साखर तुमच्या आखलेल्या तुटीतूनच जाते. काठावर साधी पाण्याची बाटली ठेवा आणि मध्ये दोन-तीनदा घोट घ्या.

बाहेर आल्यावरची वीस मिनिटं

सगळा खेळ इथे ठरतो, म्हणून क्रम मोडू नका.

1. आधी कोरडे व्हा आणि ऊब घ्या. गरम पाण्याचा शॉवर असेल तर तो घ्या. नसेल तर केस नीट पुसा, कोरडे कपडे घाला, थंडीत स्वेटर आणि कानटोपी. ओल्या पोशाखावर टॉवेल गुंडाळून गप्पा मारत उभं राहिल्याने शरीर आणखी गार होतं आणि भूक वाढते.
2. मग पाणी. दीड-दोन पेले, घोटघोट. थंडीच्या दिवसांत कोमट.
3. मग पिशवीतला खाऊ. तो घरून आणलेला आणि मोजलेला हवा. 200 ते 250 कॅलरी, त्यात प्रथिनं 10 ग्रॅमच्या वर. थर्मासमधलं पेलाभर गरम दूध आणि मूठभर फुटाणे (सुमारे 30 ग्रॅम) एवढ्यात 230 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळतात. दूध चालत नसेल तर दोन उकडलेली अंडी आणि एक फळ. अंडंही नको असेल तर फुटाणे दीडपट करा आणि सोबत एक केळं घ्या.
4. मग घरी जा आणि तासाभरात न्याहारी करा. ही न्याहारी आखलेली आणि गरम असावी.

तिसऱ्या पायरीत बहुतेकांचा गोंधळ होतो. खाऊ पिशवीत असतो, पण सगळ्यांबरोबर चहा प्यायला म्हणून गाडीवर थांबणं होतं आणि मग खाऊ आणि वडा दोन्ही पोटात जातं. मित्रमंडळी सोडायची गरज नाही. पिशवीतला खाऊ कपडे बदलल्यावर लगेच, बाकावर बसून खाऊन टाका आणि मग चहाला जा. पोटात फुटाणे-दूध गेलेला माणूस वड्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो.

खाऊन वीस मिनिटं झाल्यावरही पोट मागत असेल, तर ती भूक खरी माना आणि न्याहारी लवकर करा. ती दुपारच्या डब्यापर्यंत ओढू नका.

एक दिवस, आकड्यांसह

समजा, तुम्ही 38 वर्षांच्या आहात, उंची 162 सेंटिमीटर, वजन 68 किलो, काम बैठं. न पोहणाऱ्या दिवशी तुमचा खर्च अंदाजे 1880 कॅलरी. आठवड्यातून चार सकाळी साडेसहाची बॅच. त्या दिवशी खर्च 2040. तुम्हाला रोज सुमारे 400 ची तूट हवी आहे.

*आत्ता काय होतंय:* निघताना अर्धा कप चहा (40). पोहून झाल्यावर गाडीवर वडापाव आणि चहा (360). घरी येऊन पोहे, पुन्हा चहा (350). दुपारी डबा (400). पाचला चहा-बिस्किटं (150). साडेसातला स्वयंपाक होईतो चिवडा (200). रात्रीचं जेवण (550). एकूण 2050. म्हणजे पोहण्याच्या दिवशी तूट शून्य. गंमत अशी की उरलेले तीन दिवस तुम्ही नेटाने 1500 वर राहता, त्यामुळे ‘मी तर डाएट पाळतेय’ हे खोटंही नसतं. पण आठवड्याची तूट 2800 होण्याऐवजी 1100 च्या आसपासच होते. तेवढ्याने महिन्याला जेमतेम अर्धा-पाऊण किलो उतरणार. तेही पाळीच्या आधी अंगात साठणाऱ्या पाण्यामुळे काट्यावर दिसत नाही.

*असं करून बघा:*

- 5.50: केळं आणि बिनसाखरेचा छोटा चहा – 140
- 7.25, तलावावर: दूध आणि फुटाणे – 230
- 8.20, घरी: दोन अंड्यांचं आमलेट, दोन लहान पोळ्या – 360
- 1.00: दोन पोळ्या, वाटीभर मटकीची उसळ, दह्यातली कोशिंबीर – 410
- 5.00: ताक आणि एक पेरू – 100
- 8.00: वरण, अर्धी वाटी भात, सोयाबीन वड्यांची रस्साभाजी (कोरड्या वड्या 30 ग्रॅम) – 380

बेरीज 1620, म्हणजे तूट 420. सकाळी साडेआठपर्यंत 730 कॅलरी, दिवसाच्या जवळपास निम्म्या, पोटात गेलेल्या आहेत. पोहे-चहाच्या न्याहारीपेक्षा ही न्याहारी दुपारपर्यंत टिकते, कारण तिच्यात प्रथिनं तिपटीने आहेत. न पोहणाऱ्या दिवशी तलावावरचा खाऊ काढून टाका आणि पाच वाजता मूठभर फुटाणे घ्या, की दिवस 1500 च्या आसपास बसतो आणि तूट 380 राहते. आठवड्याची बेरीज 2800. त्याने सुमारे 350 ग्रॅम वजन उतरतं. वेग कमी वाटेल, पण तो टिकतो.

अंडी खात नसाल तर आमलेटच्या जागी मुगाच्या डाळीची दोन धिरडी आणि वाटीभर दही. धिरड्याला तेल किती लागतं ते एकदा चमच्याने मोजा. बाटलीतून धार सोडणाऱ्यांचं धिरडं आणि चमच्याने तेल घालणाऱ्यांचं धिरडं यांत सहज शंभर कॅलरींचा फरक पडतो.

या ताटात प्रथिनं सुमारे 73 ग्रॅम आहेत. आपल्याकडे प्रौढांसाठी वजनाच्या किलोमागे 0.83 ग्रॅम एवढी शिफारस आहे, ती यात भागते. पण तुटीत राहून व्यायाम करताना स्नायू टिकवायचे तर किलोमागे 1.2 ग्रॅम गाठायचा प्रयत्न करा. इथे ते सुमारे 80 ग्रॅम होतात. सकाळी एक अंडं किंवा दुपारी अर्धी वाटी जास्त उसळ, एवढ्याने ते जमतं.

दुपारी आणि रात्री येणारी भूक

काही जणांना पोहून झाल्यावर लगेच भूक नसतेच. उलट जोरात पोहल्यावर तासभर काही नको वाटतं. त्यांना वाटतं, आज बरं झालं, न्याहारी टाळता येईल. मग भूक दुपारी चारला येते आणि संध्याकाळपर्यंत हटत नाही. दिवसभराची बेरीज मांडली तर तलावावर वडापाव खाणाऱ्यापेक्षा याचीच जास्त भरते. तुमचा प्रकार हा असेल तर भूक नसली तरी पिशवीतला खाऊ घ्या, हवं तर दूध किंवा ताक अशा पातळ रूपात. न्याहारीची वेळही चुकवू नका.

इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठाच्या, 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तरुण स्त्री-पुरुषांनी पोहल्यानंतर, नुसतं बसून राहिलेल्या दिवसापेक्षा जास्त खाल्लं. हा ‘माझ्याच बाबतीत होतं’ असा प्रकार नाही, एवढं त्यातून घेऊया.

संध्याकाळच्या बॅचवाल्यांसाठी

सात-आठच्या बॅचला जाणाऱ्यांची अडचण सोपी आहे. दुपारी एकला जेवण, मग काही नाही, आणि रात्री नऊला घरी येऊन दुप्पट जेवण. साडेपाच-सहाला केळं किंवा मूठभर फुटाणे घ्या आणि पोहून आल्यावर लगेच जेवा. मध्ये ‘काहीतरी तोंडात टाकायला’ थांबू नका, कारण हे जेवणच तुमचा पोहल्यानंतरचा खाऊ आहे. ताटात आधी उसळ किंवा वरण आणि भाजी वाढून घ्या, भात-पोळी नंतर. सकाळी मात्र न्याहारी हलकी ठेवा, कारण तूट तिथून निघते. घरचं जेवण तुमच्यासाठी नऊपर्यंत थांबत असेल तर घरच्यांना जेवून घ्यायला सांगा. उशीर झाल्यावर तुम्ही ताट भरून घेता, त्यात ‘सगळे थांबलेत’ याचाही थोडा हात असतो.

हमखास चुका

- ‘काल पोहलो’ म्हणून दुसऱ्या दिवशी खाणं. पोहण्याच्या 160 कॅलरींची किंमत त्याच दिवशी पिशवीतल्या खाऊने फिटली. त्या पुन्हा वसूल होत नाहीत.
- उपवासाच्या दिवशी तीच बॅच. साबुदाण्याच्या खिचडीची मोठी ताटली 400 च्या वर जाते आणि तीत प्रथिनं जवळजवळ नसतात. चतुर्थीला पोहायचंच असेल तर खिचडी अर्धी करा आणि दही, दूध, राजगिऱ्याची भाकरी यांवर भर द्या. निर्जळी उपास असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरू नका.
- फळांचा रस. तीन संत्र्यांचा रस दोन मिनिटांत पोटात जातो, तीन संत्री सोलून खायला वेळ लागतो. भूक सोललेल्या संत्र्यांनी भागते.
- सुकामेवा न मोजता. बदाम-काजूची मूठ 30 ग्रॅमची असेल तर 170-180 कॅलरींची. डब्यातून हात दोनदा गेला की खाऊचं बजेट संपलं. फुटाण्यांना हा धोका कमी असतो, कारण ते चावायला वेळ लागतो.
- रविवारची लांब बॅच. दीड-दोन तास पोहलात तर वरचं गणित बदलतं. तेव्हा मध्ये केळं आणि पाणी घ्या, आणि त्या दिवशी तूट अर्धी ठेवा. दमलेल्या शरीरावर पूर्ण तूट लादलीत तर सोमवारी सगळी परतफेड होते.

दोन आठवड्यांनी काय तपासायचं?

रोज सकाळी, तलावावर जायच्या आधी, लघवीला जाऊन आल्यावर वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा. एका दिवसाच्या आकड्यावरून काहीही बदलू नका. दोन आठवड्यांची सरासरी अर्धा किलो ते किलोभर उतरली असेल तर हात लावू नका. काहीच हललं नसेल तर आधी पोहण्याच्या चार दिवसांचं खाणं लिहून काढा, बाकीचे तीन दिवस नाही. गळती बहुतेक वेळा तिथेच असते.

उलट वजन आठवड्याला शरीराच्या एक टक्क्याहून वेगाने उतरत असेल, रात्री भुकेने जाग येत असेल, तीच लेंग्थ मारायला जास्त वेळ लागू लागला असेल, सारखी थंडी वाजत असेल किंवा पाळी लांबत असेल, तर तूट फार मोठी झाली आहे. अशा वेळी ती तिथल्या तिथे थांबवा आणि तीन-चार आठवडे खर्चाएवढं खा. पाळी तीन महिने आली नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाच. पोहण्याने पाळी ‘थोडी इकडेतिकडे होते’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

तूट कुणी ठेवू नये?

वाढीच्या वयातल्या जलतरणपटूंनी अजिबात नाही. जिल्हा-राज्य स्पर्धांची तयारी करणारी तेरा-चौदा वर्षांची मुलं दिवसाला दोनदा पोहतात आणि त्यांची भूक घरच्यांना अघोरी वाटते. ती भूक पुरवा. त्यांच्या वजनाबद्दल प्रशिक्षक किंवा कुणी नातेवाईक टोमणा मारत असेल, तर पालक म्हणून तुम्हाला तिथेच थांबवायचा हक्क आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनीही वरचा हिशेब बाजूला ठेवावा.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल, तर पोहल्यानंतरची अचानक भूक साखर घसरल्याचं लक्षण असू शकतं. हात थरथरणं, गार घाम, डोकं हलकं होणं सोबत असेल तर वीस मिनिटं थांबायचा नियम तुम्हाला लागू नाही. लगेच तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून घ्या आणि पंधरा मिनिटांनी साखर तपासा. पाण्यात उतरण्याआधीही तपासा. 90 च्या खाली असेल तर आधी काही खा, मगच उतरा. गोळीचं किंवा इन्सुलिनचं प्रमाण पोहण्याच्या दिवशी बदलायचं का, हे डॉक्टरांनाच विचारा. आणि काठावरच्या जीवरक्षकाला तुम्हाला मधुमेह आहे हे आधीच सांगून ठेवा.

पावडर घ्यावी का?

वरच्या ताटावरून कळलंच असेल की बहुतेकांना लागत नाही. सकाळी धावपळीत दूध नेणं जमत नसेल, तर प्रथिनांची पावडर हा सोयीचा पर्याय आहे. त्यापलीकडे तिच्यात जादू नाही. अमुकच डबा घ्या असा आग्रह क्लबमधून होत असेल तर नाही म्हणा. बॅचची फी भरल्यावर तो विकत घेणं बंधनकारक नसतं. घ्यायचाच असेल तर डब्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी परवाना क्रमांक आणि दर 100 ग्रॅममागची प्रथिनं, साखर, कॅलरी छापलेल्या आहेत का ते बघा. सीलबंद डब्यातून काढून सुट्या पिशवीत दिलेली पावडर, कितीही स्वस्त असो, घेऊ नका. मोजमापाचा चमचा एकदा घरच्या काट्यावर तोलून बघा. ‘एक चमचा’ म्हणून आपण शिगोशीग भरतो, आणि डब्यावरचा आकडा सपाट चमच्याचा असतो.